पट्ट्यावरची वाट

टोकावड्याच्या फाट्यापासून आबांच्या घरापर्यंत दोन किलोमीटरचा चढ. तिथं गाडी जात नाही, जाते ती फक्त पायवाट. हृदयात स्टेंट बसवल्यावर डॉक्टरांनी आबांना एकच काम दिलं होतं. रोज अर्धा तास सपाटीवर चालायचं, तेही सलग. तीन महिन्यांनी तपासू, दम टिकला तर खुशाल घरी जा. तोवर लेकीकडे, राहीकडे, कल्याणला.

आबांनी ते मनावर घेतलं. घरी जायचं होतं त्यांना, बाकी काही नको होतं.

पण राहीच्या कॉलनीतली गल्ली म्हणजे दोन्ही बाजूंना लावलेल्या मोटारसायकली आणि मधे उरलेली हातभर जागा. गटाराची झाकणं हलायची. टेम्पो मागे यायचा तेव्हा भिंतीला चिकटून उभं राहावं लागे. त्यातून आबा भेटेल त्याला राम राम घालणार. चालता चालता नव्हे. थांबून, दोन्ही हात जोडून. त्यांच्या पाड्यावर चालत चालत राम राम टाकणारा माणूस उर्मट समजला जातो. गल्लीतले लोक कानाला फोन लावून निघून जात आणि आबा हात जोडून मागे राहत. अर्ध्या तासात त्यांची मजल किराणा दुकानापर्यंत.

राहीने डॉक्टरांना विचारलं. बाहेर चालणं केव्हाही चांगलं, पण तसा रस्ता हवा, ते म्हणाले. नसेल तर ट्रेडमिल चालेल. वेग कमी, बाजूचे दांडे धरून, आणि कुणीतरी जवळ हवं. दोन दिवसांनी एका स्कूटरचा आरसा आबांच्या कोपराला लागला. त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याने, किशोरने, जुनी ट्रेडमिल आणली.

"ही कसली वाट गो, माणूस नाय का काय नाय," आबा म्हणाले. पण चढले.

ताशी दोन किलोमीटर. अर्ध्या तासात एक. राही शेजारी उभी राहून आकडा वाचायची आणि आबा घरच्या वाटेवरचं त्याचं ठिकाण सांगायचे: आता ओढ्यावरची मोरी आली, आता शाळा. शाळा म्हणजे निम्मी वाट. महिन्याभरात ते धाप न लागता शाळेपर्यंत पोचू लागले. राही त्यांच्या बंडीला मशीनच्या दोरीचा चिमटा लावायची. माणूस मागे गेला की दोरी ताणून निघते आणि मशीन बंद पडतं. आबा चालताना थोडे मागे सरकत, म्हणून ते सारखं बंद पडे आणि सलग अर्धा तास मोडे. ते वैतागत. राहीने दोरीला हातभर नाडीचा तुकडा जोडला. मग मशीन बंद पडेना.

बुधू आला तो रविवार होता. पाड्यावरचा शेजारी, आबांच्या घरावर नजर ठेवणारा. सोबत नाचणीचं पीठ आणलं होतं. राहीने दार उघडलं. पट्टा फिरत होता, आबा शाळेच्या जरा अलीकडे होते. दारातूनच बुधूने हाक दिली,

"राम राम, नथूदादा."

आबा थांबले. दोन्ही दांडे सोडून त्यांनी हात जोडले.

राही दारापाशी होती. चार पावलांवर.

खुब्याचं हाड मोडलं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे ऑपरेशन चार दिवस लांबलं. मग आबा वॉकर धरून खाटेपासून मोरीपर्यंत जाऊ लागले, तेवढंच. महिना गेला, दुसराही गेला. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. घरातल्या घरात फिरतील, म्हणाले. चढाचं राहीने विचारलं तेव्हा ते नाही म्हणाले.

नाडीचं तिने कुणालाच सांगितलं नाही. आबांना सांगायचं रोज ठरवायची.

बुधू पुन्हा आला तो खाटेपासून लांब, खाली मान घालून बसला. मी हाक मारायला नको होती, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

"येडा का काय तू," आबा म्हणाले. "हाक मारली तर माणूस थांबणार नाय? मशीनला कुठं ठावं ते."

राही चहा घेऊन उभी होती. आत्ता सांगावं, असं तिला वाटलं. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि ट्रंकेतली किल्ली आणायला सांगितली.

किल्ली त्यांनी बुधूच्या हातात ठेवली. वरच्या खाचरात यंदा तूच भात लाव, म्हणाले. घरात शेळ्या बांध, मोकळं घर वाळवी खाते.

"तुमी येशाल तवा शेळ्या काढीन की, दादा."

"नको काढू," आबा म्हणाले.

बुधूने चहा संपवला. टोकावड्याची गाडी तीनला होती. जाताना तो खाटेपाशी थांबला, हात जोडले. आबांनी पडल्या पडल्या हात जोडले आणि तो जिना उतरून जाईपर्यंत तसेच ठेवले.

राहीने कप उचलले आणि मोरीत जाऊन नळ सोडला.