पाळण्याआधी ज्वारीचं पोतं

राजेश्वर गावच्या बंडेप्पांचा हट्ट म्हणजे हट्टच. लेक दानेश्वरीला नऊ वर्षांनी लेकरू झालं, उद्या बारसं. पाळणा टांगायचा तो पुढच्या खोलीतल्या लाकडी तुळईलाच, लेकीचाही तिथंच टांगला होता! तुळईला ताजा निळा रंगही त्यांनी स्वतः दिला होता.

सुतार तिप्पण्णानं हातोड्यानं तुळई ठोकली. आवाज पोकळ आला.

"अप्पा, ही नको. वाळवी लागलीय."

"कामून भ्या घालायलास? माझ्या बाची तुळई हाय ती! बारशाला आधी वरवंटा ठेवत्यातच की पाळण्यात. तीच तपासणी."

"वरवंटा चार किलोचा, अप्पा. पाळणाच आठ किलोचा. वर लेकरू, गोधडी, अन् झोका दिला की ओढ वाढतीया ती येगळीच. ज्वारीचं पोतं टांगू, मग बोला."

बंडेप्पांनी बाजारातून आणलेली जाडजूड स्प्रिंग पुढं केली. तिच्यावर वजनाचा आकडाच नव्हता. "दुकानदार म्हणला, हत्ती टांगा!"

"हत्ती टांगायचा न्हाई ना आपल्याला," तिप्पण्णानं ती बाजूला ठेवली. स्वतःची काढली, तिच्यावर वीस किलो कोरलेलं होतं. "हिला आत्ता लावत न्हाई. पोत्यानं ताणून ढिली पडंल."

त्यानं तुळईत हुक पिळला, पन्नास किलोचं पोतं थेट हुकालाच बांधलं. बंडेप्पांनी रागानंच त्याला झोका दिला. एक, दोन. तिसऱ्याला करकर झाली, अन् निळ्या लाकडाचा ढलपा घेऊन हुक खाली आला. पोतं फुटलं. ज्वारी दारापर्यंत सांडली, वरून मातीचा भुगा गळत राहिला.

बंडेप्पांनी तो पोखरलेला ढलपा उचलून पाहिला. उद्या याच जागी, याच वेळेला...

"चला, मधल्या खोलीत," तिप्पण्णा हळूच म्हणाला. "तिथं छताच्या शहाबादी फरशीखाली लोखंडी गर्डर हाय."

त्यानं गर्डरला दोन्ही बाजूंनी क्लॅम्प आवळला, बंद तोंडाची कडी लावली. दुसरं पोतं टांगून तासभर झुलवलं. क्लॅम्प जराही सरकला नाही. मगच पोतं काढून स्प्रिंग लावली, अन् स्प्रिंग तुटलीच तर पाळणा धरायला शेजारून थोडी ढिली साखळी वरच्या कडीत बांधली.

दुसऱ्या दिवशी वरवंटा ठेवून झाला, लेकरू पाळण्यात निजवलं. आत्या, म्हणजे जावयाची बहीण नेत्रावती, झोका द्यायला पुढं झाली. बंडेप्पांनी दोरी धरली अन् दाराशी उभ्या तिप्पण्णाकडं बोट केलं.

"अक्का, नाव तूच सांग. पहिला झोका मात्र ह्याचा."

"मी सुतार माणूस, अप्पा, बायकांच्या कामात..."

"गप रे!" सगळ्यांपुढं बंडेप्पांनी हात जोडले. "काल तुझ्यावर चिडलो. आज माझा नातू पाळण्यात हाय, तो तुझ्यामुळं. धर दोरी."