चोवीस लाखांचं बिल

बिल माझ्या टेबलावर आलं तेव्हा वर्ष संपायला नऊ दिवस होते. पहिली ओळ वाचली आणि मी मनात म्हटलं, सापडलास रे बाबा.

खरं सांगते, एवढा आनंद मला गेल्या वर्षभरात झाला नव्हता. मी बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात अकाउंट्स बघते. सतरा वर्षं झाली. आमच्या मॅनेजरला सगळा कारखाना पाठीमागे 'मधाचं बोट' म्हणतो, कारण तो प्रत्येकाला तेच लावतो. बढतीचं, पगारवाढीचं, नव्या पंख्याचंसुद्धा. त्याने माझ्या धाकट्या भावाला चोर ठरवून हाकललं, त्याला चौदा महिने झाले.

भाऊ आमच्याच स्टोअरला होता. मशीनच्या जुन्या पाच विजेच्या मोटारी बदलल्या, त्या 'स्टोअरमध्ये जमा' असं मॅनेजरने सहीनिशी लिहून दिलं. पुढे मोजणी झाली तेव्हा मोटारी नाहीत. भाऊ म्हणाला, "माझ्याकडे आल्याच नाहीत, ताई. एकही नाही." कोण ऐकतो? नव्या मोटारींची बिलं दुरुस्ती म्हणून खर्चात गेलेली, त्यामुळे जुन्या मोटारींची कुठल्याच रजिस्टरमध्ये वेगळी नोंद नव्हती. खर्चात टाकलेली वस्तू वर्ष संपलं की विसरली जाते, तिला शोधायला कोणी येत नाही. उरला तो एक कागद, मॅनेजरच्या सहीचा. त्या कागदावर माझ्या भावाची नोकरी गेली. आता तो एका हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू मोजतो. आई शेजारणीकडे जायची बंद झाली. आणि भावजय मला म्हणते, "तुम्ही तर त्याच ऑफिसात बसता ना, ताई?" त्या 'ना'वर मी किती रात्री जळलेय, ते माझं मला माहीत.

तर बिल. जनरेटरचं इंजिन बदललं होतं, त्याचं. एकूण चोवीस लाख. जनरेटर पाच वर्षांचा, अजून पाच वर्षं चालेल असं धरलेला. मधाचं बोट स्वतः ते घेऊन आला. तो माझ्या केबिनमध्ये एरवी पाऊलही टाकत नाही.

"मॅडम, हे असेटमध्ये टाकायचं हं. खर्चात नको."

"बघते," मी म्हटलं.

"बघायचं काय त्यात? नवीन इंजिन आहे. आता जनरेटर दहा वर्षं हलणार नाही." मग खुर्ची ओढून बसला आणि आवाज खाली आणला. "तुमच्या इन्क्रिमेंटचं मी वर बोललोय बरं का."

लागलं बोट. मी हसले.

त्याची घाई मला पाठ होती. नफा टार्गेटच्या वर गेला तर त्याला बोनस, आणि बोनस म्हणजे त्याच्या पाच महिन्यांचा पगार. या बिलाशिवाय नफा टार्गेटच्या चौदा लाखांनी वर होता. चोवीस लाख खर्चात टाकले की दहा लाखांनी खाली. असेट धरलं तर तो पैसा मशीनच्या किमतीत बसतो आणि पुढच्या वर्षांत थोडा थोडा नफ्यातून वजा होतो. यंदा नफ्याला जवळपास हात लागत नाही. एका नोंदीवर त्याचा बोनस होता आणि ती नोंद करणारी मी.

तो गेल्यावर मी पेन उघडलं. 'दुरुस्ती खर्च' असं लिहायला चार सेकंद लागतात. बिलावर त्याच्याच माणसाने 'जनरेटर दुरुस्ती' असं लिहिलेलं होतं, म्हणजे मला आधारही होता. मी म्हटलं असतं, साहेब, बिलच तसं आलंय. वा! पाच महिन्यांचा पगार गेला असता एका फटक्यात. मी मोठ्याने हसलेही असावे, कारण बाहेरच्या टायपिस्टने मान वर करून पाहिलं.

आणि मग हात थांबला. देवाची भीती वाटून नव्हे, धंद्याची शिस्त म्हणून. बिलाच्या शीर्षकात काय लिहिलंय त्यावरून खर्च की असेट ते ठरत नाही. काम काय झालं, त्यावरून ठरतं. तेल बदललं, पट्टा बदलला, मशीन होतं तसं चालू ठेवलं, तर तो खर्च. पण अख्खं इंजिन नवं बसवलं आणि मशीनचं आयुष्य वाढलं, तर तो असेट. हा असेटच होता. मी खर्चात टाकला असता तर ऑडिटरने आठ दिवसांत उलटवला असता, बोनस त्याला मिळालाच असता, आणि चूक करणारी म्हणून माझं नाव लागलं असतं. भावाच्या शेजारी बहीण. आमच्या घराण्याची शोभाच!

राग गिळून मी बिल ओळ-ओळ वाचायला घेतलं. इंजिन, बसवणी, चाचणी, साडेबावीस लाख. हे असेट. तेल, फिल्टर, ते खर्चात. शेवटची ओळ होती, 'जुने इंजिन काढून ट्रकमध्ये चढवणे'. तेही खर्चात. तेल-फिल्टरसकट हा खर्च दीड लाख. मी पेन्सिलने खूण केली आणि पुढच्या क्षणी पुन्हा त्याच ओळीवर आले.

ट्रकमध्ये? कुठल्या ट्रकमध्ये?

नवा भाग असेट धरला की जुना भाग पुस्तकातून काढावा लागतो. दोन इंजिनं एका जनरेटरला थोडीच असतात! जुन्या खरेदीच्या फाइलीत इंजिनाची किंमत वेगळी होती, वीस लाख. अर्धं आयुष्य संपलं, उरले दहा. ते नुकसान म्हणून लिहायचे, आणि त्याला जोडायचा फॉर्म. फॉर्मवर एक रकाना असतो, 'काढलेल्या भागाचं काय केलं'. विकला तर पावती, ठेवला तर जागा, आणि खाली मॅनेजरची सही. खर्चात टाकलं असतं तर हा फॉर्म जन्मालाच आला नसता.

म्हणजे मी त्याला नडले असते तर तोच वाचला असता. आणि मी त्याचं ऐकलं तर? मी पाणी प्यायले आणि फॉर्म छापायला दिला.

दुपारी फॉर्म घेऊन मी त्याच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, असेटमध्ये टाकलं. तुम्ही म्हणाला तसं."

"शाब्बास!"

"जुन्या इंजिनचे दहा लाख तेवढे नुकसानीत जातील. ते धरूनही तुम्ही टार्गेटच्या अडीच लाख वर आहात."

त्याने बोटांवर हिशेब केला. "चालेल. अडीच तर अडीच."

"हा रकाना तुम्ही भरायचा, तुमच्या हाताने."

"तुम्हीच भरा हो काहीतरी."

"मला कुठे माहीत, साहेब? इंजिन तुमच्या ताब्यातलं." मी पेन पुढे केलं.

त्याचा फोन वाजत होता. कागद न वाचता सही करायची त्याची जुनी खोड, आणि अडचणीचा रकाना आला की एकच उत्तर. त्याने फोन कान आणि खांद्यात धरला आणि डाव्या हाताने कागद दाबून लिहिलं, 'स्टोअरमध्ये जमा'. खाली सही.

तेच दोन शब्द होते. तोच तिरका 'स्टो'. माझ्या भावाला बाहेर काढणारा कागद मी इतक्या वेळा पाहिलाय की झोपेत गिरवून दाखवेन. मी "थँक यू, साहेब" म्हटलं आणि बाहेर आले. जिन्यात मला रडू आलं, रागानेच आलं, आणि मी ते पदराने पुसून टाकलं.

मी कोणाला काही सांगितलं नाही. चुगली केली नाही, निनावी पत्र टाकलं नाही. गरजच नव्हती. वर्ष संपल्यावर ऑडिटरबाई आल्या. चष्म्याची पोरसवदा बाई, पण नजर सुईसारखी. यंदा वाढलेल्या असेटची यादी त्यांनी मागितली. पहिलंच नाव इंजिनाचं.

"नवीन पाहिलं. जुनं कुठंय?"

"फॉर्मवर आहे ना," मी म्हटलं.

आम्ही स्टोअरमध्ये गेलो. नवा स्टोअरकीपर घाबरून गेला. आवक रजिस्टरात इंजिन नाही, रॅकवर नाही, मागच्या शेडमध्ये नाही. दीड टनाचं इंजिन म्हणजे काय हरवलेली सुई आहे? ऑडिटरबाई सरळ गेटवर गेल्या. गेटवरचे काका बावीस वर्षं रजिस्टर लिहितात, कोणी वाचो न वाचो. पान उघडलं. ट्रकचा नंबर, इंजिन बसवणाऱ्या ठेकेदाराचं नाव, 'जुने इंजिन एक, मॅनेजरसाहेबांचे तोंडी सांगणे, गेटपास नाही'.

काकांनी चष्मा वर केला. "असं आधीही गेलंय, बाई. याच ट्रकने. गेल्या वर्षी पाच मोटारी. मी लिहून ठेवलंय."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?" मी जवळजवळ ओरडलेच.

"मला कोणी विचारलंच नाही, पोरी."

ऑडिटरबाई माझ्याकडे वळल्या. "गेल्या वर्षीच्या मोटारींची फाइल मिळेल?"

मिळेल? चौदा महिने ती माझ्या खालच्या खणात तयार होती, वर भावाच्या बडतर्फीचं पत्र टाचलेलं.

तिसऱ्या दिवशी मधाचं बोट माझ्या केबिनमध्ये आला. शर्ट कॉलरपाशी ओला होता. खुर्ची ओढायचं धाडस झालं नाही, उभाच राहिला. ठेकेदाराने ऑडिटरबाईंना सांगून टाकलं होतं की जुन्या मालाचे सहा लाख त्याने यालाच दिले, आणि मालक दुपारी येणार होते.

"मॅडम, ती एन्ट्री... अजून पुस्तकं बंद झाली नाहीत ना? ते सगळं दुरुस्तीतच टाकून द्या. खर्चात. बोनस गेला तरी चालेल मला."

"आणि फॉर्म?"

"फाडून टाका. फॉर्मची मग गरजच काय?"

वर्षभर मी या माणसाला काय काय ऐकवायचं ते ठरवून ठेवलं होतं. आंघोळ करताना, भाजी चिरताना वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"नाही जमणार, साहेब," मी म्हटलं. "असेट आहे. तुम्हीच सांगितलंत, बघायचं काय त्यात."

आता त्याला कळलं. "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मला दोन मुली आहेत, मॅडम."

"माझ्या भावालाही एक आहे. तिला शाळेत चोराची पोर म्हणायचे."

मला दया आली का? नाही. यायला हवी होती असं कोणी म्हणेल, म्हणू दे. मला बरं वाटलं, पोट भरून जेवल्यासारखं.

दुपारी मालकांनी त्याला किल्ल्या टेबलावर ठेवायला लावल्या. दुसऱ्या दिवशी भावाच्या नावाने पत्र निघालं, आरोप मागे घेतल्याचं आणि पुन्हा कामावर बोलावल्याचं. ते घेऊन मी थेट हार्डवेअरच्या दुकानात गेले. त्याने हात पुसून पत्र दोनदा वाचलं.

"येशील ना?" मी विचारलं.

"नाही, ताई. त्या गेटातून आत पाय नाही ठेवायचा मला." मग त्याने पत्राची नीट घडी घातली. "पण याच्या झेरॉक्स काढून दे. आठ-दहा. एक आईला देतो, शेजारी दाखवायला. आणि एक पोरीच्या शाळेत."

मी वीस काढल्या.