सीट कव्हरं

शोरूममध्ये एकटी बाई गेली की विक्रीवाला पहिलं विचारतो, "साहेब येणार आहेत का?" माझे साहेब सहा वर्षांपूर्वी वर गेले. म्हणून मी धाकट्या भावाला, सर्जेरावला, बरोबर घेतला. आमच्याकडं असंच चालतं. गाडी घ्यायची म्हटलं की घरचा एक पुरुष सोबत पाहिजे, मग त्याला त्यातलं काही कळो न कळो. सर्जाला तर कळायचंही. त्यानं महिन्यापूर्वीच त्याच शोरूमला मोठी गाडी बुक केली होती.

मी मिरजेत नर्स होते. निवृत्तीनंतर आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन ड्रेसिंग, इंजेक्शनं, सलाइन करते. उन्हाळ्यात स्कूटरवरून पडले आणि मांडी मोडून घेतली. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, आता दुचाकी बंद. गाडी नाही तर माझं काम नाही, आणि काम नाही तर मी घरात भिंतींशी बोलत बसणार. बँकेत होतं तेवढ्यात गाडी बसवायची, कर्जाचं नाव काढायचं नाही, असं मी पक्कं ठरवलं होतं.

मी काही कच्च्या गुरूची चेली नाही. आधी कोल्हापूरला जाऊन त्याच गाडीचा, त्याच रंगाचा भाव लिहून घेतला, एकेक ओळ वेगळी करून. मूळ किंमत दोन्हीकडं सारखीच असते हो, सगळा खेळ खालच्या ओळींत. कोल्हापूरवाल्यानं सणाची सूट रोख दिली. सांगलीच्या या शोरूमचा विक्रीवाला निखिल मात्र म्हणाला, "मॅडम, आम्ही वीस हजारांच्या ॲक्सेसरीज फ्री देतोय."

"मला पायपुसणी नकोत, बाबा. तेवढे पैसे कमी कर."

त्यानं दात काढले. मग हँडलिंग चार्ज, कोटिंग, वाढीव वॉरंटी, आणि विमा तर म्हणे शोरूमकडूनच घ्यावा लागतो. मी म्हटलं, सक्ती नसते. माझा एजंट तोच विमा निम्म्याहून थोड्याच जास्त पैशात देतोय, त्याचा कागद दाखवू?

माझा बेत साधा होता. यंदा दसरा दोन ऑक्टोबरला. महिन्याचं टार्गेट तीस सप्टेंबरला बंद होतं, तीसच्या आत बिल फाटलं तरच यांच्या खात्यात गाडी जमा. म्हणजे तीस तारखेला दुपारी जायचं, कोल्हापूरचा कागद टेबलावर ठेवायचा आणि उठायची तयारी दाखवायची. दोनच गोष्टी तोंडातून काढायच्या नाहीत. एक, मला गाडी दसऱ्यालाच दारात हवी आहे. दुसरी, कोल्हापूरला या रंगाची गाडी दिवाळीनंतरच मिळणार आहे. हे दोन्ही मी फक्त सर्जाला सांगितलं होतं, माझ्या स्वयंपाकघरात, त्याला भाकरी वाढताना.

तीस तारखेला आम्ही सर्जाच्या नव्या गाडीतून गेलो. त्यानं वाटेत मला दम दिला, "आक्का, तू जास्त बोलू नकोस हं. मी बघतो."

निखिलनं चहा मागवला. मी कोल्हापूरचा कागद पुढं सरकवला. "या भावावर उतर, नाहीतर मी चालले."

मागच्या वेळी एजंटच्या कागदाचं नुसतं नाव काढलं तरी पोराला घाम फुटला होता. आज तो खुर्चीत रेलून बसला. "मॅडम, भाव चांगलाय. पण या रंगाची गाडी दिवाळीनंतर घेऊन तुमचा दसरा कसा होणार?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तुला कोणी सांगितलं?"

"नाही म्हणजे, अंदाज."

"कोल्हापूरची गाडी दिवाळीनंतर येणार, हा अंदाज? रंगासकट?"

निखिलनं सर्जाकडं पाहिलं. क्षणभरच. पण मी आयुष्यभर पेशंटच्या नातेवाइकांचे डोळे वाचलेत. कोण काय लपवतंय ते मला बरोबर कळतं. सर्जा मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता.

"सर्जा, वर बघ."

"अगं आक्का, सहज बोलता बोलता निघालं. त्यात काय एवढं?"

"का निघालं?"

तो पुन्हा मोबाईल चाळायला लागला. शेवटी निखिलच चाचरत म्हणाला, "मॅडम, रेफरन्सची स्कीम असते. ओळखीचं गिऱ्हाईक आणलं, विमा, कोटिंग, वॉरंटी अशा पूर्ण पॅकेजसकट बुकिंग झालं, की त्यांना सीट कव्हरं आणि अलॉय व्हील फ्री. सगळेच घेतात."

पूर्ण पॅकेजसकट. म्हणजे मी फसले तरच याला चाकं मिळणार होती. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा. माझ्या पगारावर याची कॉलेजची फी भरली, याच्या लग्नात माझ्या बांगड्या मोडल्या. आणि यानं मला सीट कव्हरांवर विकली. लाखांवर विकली असती तर निदान लाजेला तरी जागा उरली असती.

रडायचं नव्हतं मला तिथं. मी पर्स उचलली.

"निखिल, मला दसरा नको. दिवाळीनंतर आली तरी चालेल गाडी. महिनाभर रिक्षानं फिरेन." आणि तिथंच, त्याच्या समोर, कोल्हापूरला फोन लावला. "हो, शालन पवार बोलतेय. बुकिंगचे पैसे कुठल्या खात्यात पाठवू?"

त्यांच्या हातात माझा दसरा हा एकच पत्ता होता, तो मी स्वतःच फाडून टाकला. दारापर्यंत पोचले नाही तोच मॅनेजर मगदूम काचेच्या केबिनमधून धावत आले. "मॅडम, मॅडम, बसा तरी! पाच वाजेपर्यंत बिल करू द्या, कोल्हापूरचाच भाव देतो."

"हँडलिंग चार्ज?"

"काढला."

"कोटिंग, ॲक्सेसरीज, वॉरंटी?"

"तुम्हाला नको तर नको. वॉरंटी नंतरही घेता येते."

"विमा माझ्या एजंटचा. आणि गाडी कधीची बनलीये ते चासी नंबरवरून दाखवा, मगच पैसे."

दाखवलं. ऑगस्टची होती. मी पैसे भरले, एजंटनं पॉलिसी पाठवली, पाचच्या आत बिल फाटलं. एक रुपया कर्ज नाही. निखिल फॉर्म भरत होता, एका ओळीपाशी थांबला आणि मान वर न करता म्हणाला, "रेफरन्स कोरा ठेवू?"

"कशाला? लिही. माझा भाऊ सर्जेराव. मगदूमसाहेब, पॅकेज नाही झालं तरी याला सीट कव्हरं तेवढी द्या. माझ्याकडून दसऱ्याची भेट समजा."

मगदूमांनी मान हलवली. सर्जा एवढंसं तोंड करून म्हणाला, "आक्का, नको ना. चारचौघांत असं काय."

"का रे? मागितलीस तूही याच शोरूममध्ये ना?"

बाहेर येऊन मी रस्ता ओलांडला आणि एसटीच्या थांब्यावर उभी राहिले. मांडी ठणकत होती. सर्जानं गाडी समोर आणून काच खाली केली. "बस गं आक्का. माणसाकडून होतं कधीतरी. तुझा काय तोटा झाला, सांग बरं? उलट फायदाच झाला की!"

त्याला खरंच कळत नव्हतं. तोंडाकडं बघूनच समजलं. माझा एक पैसा गेला नाही म्हणजे काहीच गेलं नाही, एवढाच त्याचा हिशेब.

"जा तू," मी म्हटलं. "मागच्या गाड्या अडल्यात."

मागून हॉर्न वाजायला लागले तसा तो गेला. मिरजेची बस आली, खच्चून भरलेली. एका कॉलेजच्या मुलीनं उठून मला जागा दिली, "बसा मावशी," म्हणाली, आणि मी तिच्यासमोर हमसून हमसून रडायला लागले. घाबरून तिनं विचारलं, "मावशी, कोणी गेलं का?"

मी हो म्हटलं.