चौथा कोपरा

२०१८ सालच्या ऑगस्टातली गोष्ट. वारूळवाडीच्या शाळेत सहावीचा भूगोल नूतनबाई शिकवायच्या. त्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटलं, बाकं भिंतीला लावायला सांगितली आणि वर्गाच्या चार कोपऱ्यांत खडूनं एक ते चार आकडे काढले.

"जमिनीतून, पाण्यातून, जनावरांपासून जे थेट मिळवतात ते पहिल्यात. प्राथमिक व्यवसाय. त्या कच्च्या मालाची नवी वस्तू करणारे दुसऱ्यात, द्वितीयक. लोकांना सेवा देणारे, मालाची ने-आण आणि विक्री करणारे तिसऱ्यात, तृतीयक. आणि माहिती, संशोधन, सल्ला हेच ज्यांचं काम, ते चौथ्यात, चतुर्थक. घरचं काम आठवा आणि पळा."

पहिल्या कोपऱ्यात नुसती झुंबड उडाली. टोमॅटोवाले, उसाचे, गोठ्यातल्या गाईंचे, सगळे एकमेकांच्या पायांवर. सूरजचे वडील पारगावच्या साखर कारखान्यात बॉयलरवर, तो दुसऱ्यात गेला. आरतीच्या वडिलांचा टेम्पो, ती तिसऱ्यात.

नुमान मात्र मध्येच फेंगडा उभा. "बाई, अब्बा खारी भाजतात आणि काउंटरवर विकतात पण. कुठं जाऊ?"

"भाजतात तेव्हा दुसऱ्यात, विकतात तेव्हा तिसऱ्यात. कोपरा कामाचा असतो, माणसाचा नसतो."

"मंग याला मधून कापायचा का?" पहिल्या कोपऱ्यातून अमृत म्हणाला, आणि वर्ग हसला.

रुक्साना हसली नाही. तिची अम्मी हाजराबी दर बुधवारी पायात गमबूट घालून लोकांच्या टोमॅटोच्या प्लॉटात हिंडायची. बांबूला टांगलेल्या पिवळ्या चिकट कागदांवर किती पांढऱ्या माश्या चिकटल्या ते मोजायची, वहीत लिहायची. गावातल्या बाया तिला 'माश्यावाली' म्हणायच्या. शाळेत हे नाव पोचू नये म्हणून रुक्सानानं दोन वर्षं जिवापाड काळजी घेतली होती. ती मुकाट्यानं आरतीशेजारी जाऊन उभी राहिली.

"रुक्साना, तुझ्या घरी काय?" बाईंनी विचारलं.

"दुकान."

"कसलं गं?"

रुक्सानाला एकही जिन्नस आठवेना. तेवढ्यात अमृत ओरडला, "बाई, ती खोटं बोलती. हिची आई आमच्या प्लॉटात माश्या मोजाया येती. लई येळ मोजती."

आता वर्ग हसला तो खिदळून. सूरज म्हणाला, "शेतात येती ना, मग पहिल्यात घाला तिला."

रुक्सानाचे कान तापले. पण 'घाला तिला' म्हटल्याचा तिला असा राग आला, की लाज मागं पडली. "अम्मी शेतातून काय नाय आणत," ती म्हणाली. "एक टोमॅटोसुद्धा नाय. नुसते आकडे आणते."

"आकड्यांचं काय करते?" बाई जवळ आल्या.

"संशोधनवाल्यांना पाठवते मोबाइलवर. तेरा गावांतनं असे आकडे जातात. माश्या वाढल्या की झाडाची पानं आकसून गुंडाळतात, तो रोग त्यांच्यामुळं पसरतो. म्हणून ते आकडे जुळवून बघतात, माश्या कुठल्या हवेत वाढतात ते. मग शेतकऱ्यांना मेसेज येतो, आता फवारा, आता थांबा."

अमृत डोकं खाजवत म्हणाला, "त्यो मेसेज हिच्या आईमुळं येतो व्हय? आमच्या बापूंनी मागल्या आठवड्यात त्यो वाचूनच फवारणी रद्द केली. औषध तसंच पडलंय गोठ्यात."

"मग सांगा," बाईंनी सगळ्यांकडे पाहिलं, "हाजराबींनी काही पिकवलं का? काही बनवलं का? काही विकलं का?"

"न्हाई," पोरं एका सुरात म्हणाली.

"माहिती गोळा केली," आरती हळूच म्हणाली आणि तिनं रुक्सानाला कोपरानं ढोसलं. "जा की."

रुक्साना वर्ग ओलांडून चौथ्या कोपऱ्यात गेली. एकटीच होती. पण ऐटीत भिंतीला टेकली. बाई म्हणाल्या, शनिवारी चारी कोपऱ्यांतून एकेका पालकाला बोलवायचं, चौथ्यातून कोण? रुक्सानानं लगेच हात वर केला.

शनिवारी हाजराबी पिवळे कागद घेऊन आली. पोरांनी एकाच कागदावरच्या माश्या मोजल्या, तर सहा जणांचे सहा आकडे निघाले. "आता कळलं, लई येळ का लागतो?" हाजराबीनं अमृतला विचारलं. अमृत पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसला.

नूतनबाईंची पुढं आंबेगावात बदली झाली; अजूनही त्या बाकं भिंतीला लावायला सांगतात. नुमाननं बेकरीला दुसरी भट्टी जोडली. सूरज आयटीआयला फिटर झाला. आरती नर्सिंग शिकतेय. अमृत वडिलांबरोबर टोमॅटो करतो आणि मेसेज आल्याशिवाय फवारणीच्या पंपाला हात लावत नाही. हाजराबीच्या हाताखाली आता चार बाया आहेत, आणि त्यांच्या मोजणीत फरक निघाला तर ती त्यांना पुन्हा प्लॉटात पाठवते. रुक्साना पुण्याला संख्याशास्त्र शिकते. अर्जावर आईचा व्यवसाय विचारला, की तिला लिहायला रकाना पुरत नाही.