अडतीस, मग चाळीस

रसेल पेकमने अनुक्रमणिका स्वतः केली होती, आणि थोरा लिंडक्विस्टच्या मते सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

सुपीरियर सरोवराकाठच्या पाइक हार्बर गावाचा हा इतिहास १८९१ सालचा. रसेलच्या छोट्या प्रकाशनातून तो पुन्हा निघत होता. आतली पानं जुनीच, फोटो काढून जशीच्या तशी. नवी होती ती फक्त अनुक्रमणिका. जुन्या यादीत प्रकरणांचे आकडे रोमन होते, आणि रसेलचं म्हणणं असं की XXXVIII पाहिलं की आजची शाळकरी पोरं पुस्तक मिटून टाकतात. म्हणून साधे आकडे घालायचे. इथवर थोरालाही पटलं होतं.

पण त्याने एकही रोमन आकडा वाचला नव्हता! नुसती नावं खाली खाली टाकली आणि कॉम्प्युटरला सांगितलं, घाल बाबा क्रमांक. कॉम्प्युटरने बिनबोभाट एक ते एक्कावन्न घातले.

तेवीस वर्षं प्रुफं तपासणाऱ्या थोराने आपल्या सवयीप्रमाणे शेवटून सुरुवात केली. शेवटचं प्रकरण, LII. L म्हणजे पन्नास, पुढे दोन. बावन्न. यादीत एक्कावन्न. मग ती एकेक पायरी वर चढत गेली. XLIX, एकोणपन्नास, यादीत अठ्ठेचाळीस. XL, पन्नासाच्या आधी दहा, म्हणजे चाळीस, यादीत एकोणचाळीस. आणि त्याच्या वर XXXVIII, अडतीस, यादीतही अडतीस.

XXXIX नव्हतंच. तिने लायब्ररीतली मूळ प्रत मागवून पाहिली. एकही पान फाटलेलं नाही, पानांचे आकडे सलग. म्हणजे छापायच्या आधीच कुणीतरी अख्खं प्रकरण उचललं होतं, आणि रोमन आकड्यांच्या त्या जंगलात सव्वाशे वर्षं कुणाला पत्ता लागला नव्हता.

"अगं, मग बरंच झालं की," रसेल म्हणाला. तो टेबलावर टेकून सँडविच खात होता. "माझी यादी सलग दिसते. जाऊ दे तशीच."

"तुझी यादी म्हणते एकोणचाळीस, आणि पान उघडलं की डोक्यावर XL. तेरा प्रकरणं अशी."

"रोमन वाचता येतं कुणाला आता?"

"तुला येत नाही, एवढंच कळलं मला."

रसेलला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "थोरा, आवृत्तीला पैसे खाण कंपनीचे आहेत. तेव्हाही त्यांचेच होते, प्रस्तावनेत आभार मानलेत बघ. गाळलेलं काहीतरी त्यांना नको असेल. आपण कशाला बोट दाखवायचं?"

थोराच्या कानशिलांत धग आली. म्हणजे याला सगळं कळत होतं! कळूनही वर सलग आकड्यांचा गिलावा मारायला निघाला होता.

तिने बारावं प्रकरण त्याच्यासमोर आपटलं. "वाच. मोठ्याने."

"जेवतोय मी."

"मग जेवत जेवत वाच."

रसेलने चष्मा खाली ओढला. "'संपाच्या वेळी खाण कंपनीच्या धक्क्यावर मारल्या गेलेल्या अकरा हमालांची नावे प्रकरण...' हे किती?"

"तीन दहा आणि नऊ. एकोणचाळीस. आता तुझ्या यादीत एकोणचाळिसावं काय आहे ते वाच."

त्याने बोट फिरवलं. "'महापौरांची मेजवानी.'"

"अकरा माणसं शोधायला जाणाऱ्याला तू मेजवानीला पाठवतोयस. नावं त्यांनी गाळली, रसेल. आता ती गाळल्याची खूणसुद्धा तू पुसणार. या पानावर माझी सही मिळणार नाही. सहीशिवाय छापखाना फाईल घेतो का, ते तूच विचार त्यांना."

रसेलने सँडविच कागदावर ठेवलं. बारावं प्रकरण पुन्हा ओढून घेतलं आणि या वेळी मनात वाचलं, बराच वेळ.

"नावं दुसरीकडे कुठे नाहीत?"

"बावन्नही प्रकरणं पाहिली. एक्कावन्न," तिने स्वतःलाच दुरुस्त केलं, आणि तिला पुन्हा संताप आला.

"कंपनीचा फोन आला तर तू बोलशील?"

"आनंदाने."

"तुझा आनंद मला माहितीये." त्याने यादी तिच्याकडे सरकवली. "बरं, कर. अडतीस, मग चाळीस. मधे काय लिहायचं ते लिही. पण बारीक अक्षरांत."

थोरा यादी घेऊन बसली. अडतीसच्या खाली तिने ओळ घातली: '३९. हे प्रकरण मूळ आवृत्तीत छापलेले नाही. पाहा प्रकरण १२.' मग खालचे तेरा आकडे एकेक करून, प्रत्येक रोमन आकडा वाचून, बदलले. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस, थेट बावन्नपर्यंत.

अक्षरं तिने बाकीच्या यादीएवढीच ठेवली, आणि पानाच्या कोपऱ्यात सही केली.