साठीच्या गाढवाला

मित्रांनो, मी एक जुने पत्र आहे. चौकटीच्या वहीतून फाडलेला कागद; घडीवर झिजलेला, कोपऱ्यावर राकिया या दारूचा पिवळट डाग.

मला ल्युबेनने लिहिले, आपला जिवलग दोस्त नाइदेन याच्या साठीसाठी. आमच्या डोंगरातल्या गावात तान्ह्या बाळालासुद्धा ‘किती कुरूप गं हे!’ म्हणतात आणि थू-थू करतात. कौतुकाने दृष्ट लागते ना! साठीच्या माणसाची दृष्ट काढायला त्याचा दोस्त भर पंगतीत शिव्यांचे पत्र वाचतो.

जानेवारीत ल्युबेनने पेन्सिलीला टोक केले. नाइदेन ज्यावर स्वतः मिरवतो, तेवढ्यावरच त्याने घाव घातले. मुलगा परदेशी गेला, त्या दुखऱ्या जागेला हात लावला नाही. लिहिले ते असे:

‘प्रिय गाढवा, तुझे नाक वेळेवर येते, तू अर्ध्या तासाने. तू अकॉर्डियन काढलास की कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात. चाळीस वर्षे बुद्धिबळात मला हरवलेस. एवढी चोरी पचवणारे पोट देवाने तुलाच दिले.’

मार्चमध्ये नाइदेनच्या हृदयाचे ऑपरेशन झाले. ल्युबेनने एकेक शिवी खोडली आणि माझ्या पाठीवर नवे लिहिले. गोड, गुळगुळीत.

सप्टेंबरात अक्रोडाखाली पंगत बसली. ल्युबेन वाचू लागला, ‘माझ्या थोर, सुस्वभावी मित्रा...’

नाइदेनच्या हातातला पेला तिरका झाला. तोच हा डाग.

“ल्युबेन, डॉक्टर काय म्हणाला तुला?”

“काही नाही रे.”

“मग थोर कशाला म्हणतोस? मी मेलोय का? पेन्का, तुला माहीत आहे ना? सांग!”

“अहो, कसलं काय!” त्याची बायको रडकुंडीला आली. “कालच तर डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहात!”

कोणी जेवेना. मी ल्युबेनच्या हातात फडफडत होतो. नाइदेनने मला ओढून घेऊन उन्हासमोर धरले आणि खोडलेल्या रेघांतून पेन्सिलीची अक्षरे त्याला दिसली. त्याने मला उलटवले.

“प्रिय गाढवा...” तो पुटपुटला. मग मोठ्याने वाचू लागला. कोंबड्यांपाशी येईस्तोवर त्याचे खांदे हलायला लागले होते.

“चोरी म्हणे! नालायका, हे खोडलंस का रे?”

“वाटलं, आता तुला सोसणार नाही.”

“अरे, तू गोड बोललास आणि मला माझी तिरडी दिसली! बस इथे. पट मांड. आज पुन्हा चोरतो.”

त्या संध्याकाळी ल्युबेन दोनदा हरला, आणि दोन्ही वेळा त्याने नाइदेनला तोंड भरून शिव्या दिल्या.

आता मी अकॉर्डियनच्या पेटीत असतो. दर वाढदिवशी नाइदेन मला काढतो आणि उलट्या बाजूनेच वाचतो. अक्षरे फिकट होत चालली आहेत. मित्रांनो, मला जपून उलगडा, घडीवर मी फाटायला आलो आहे. आणि तुमचा एखादा दोस्त दुखण्यातून उठला, तर त्याच्याशी एकदम सभ्य होऊ नका. आधी त्याला गाढव म्हणा. तो हसला की मग हात धरा.