हालगट

बालाजीच्या जिभेला हाड नव्हतं, पण त्याच जिभेनं शिवप्रसादच्या वेळेतले अठरा सेकंद कापले होते, हेही खरं. ताडकळसच्या शाळेच्या मैदानावर दोघं पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर पळायचे. चार फेऱ्या, पाच मिनिटं दहा सेकंद. त्याच्या आत आलं तरच पूर्ण वीस गुण. तिसऱ्या फेरीत शिवप्रसादचा दम तुटला की बालाजी शेजारून ओरडायचा, "हाल की रं, हालगटा!" हालगट म्हणजे रेडकू, चरून सुस्तावलेलं. शिवप्रसाद तिथल्या तिथं परतफेड करायचा, बालाजीला काटकुळं, चिपाड, काय काय म्हणायचा. शिवी खाल्ली की दोघांचेही पाय उचलायचे.

एक गोष्ट मात्र शिवप्रसादनं एकदाच, पाण्याच्या टाकीजवळ बसून सांगितली होती. त्याची छाती बाईसारखी सुटली होती. भर उन्हाळ्यातही तो बनियनवर टी-शर्ट घालून पळायचा. पोटावरून काय बी बोल, म्हणाला होता, पण ह्याच्यावरून नगं.

भरतीला बारा दिवस उरले आणि शिवप्रसाद पाच बावीसवर अडला. बालाजीच्या जिवाला चैन पडेना. औषध लागू पडतंय तर मात्रा वाढवावी, असं त्या शहाण्याला वाटलं. त्या सकाळी तो सोबत पळत नव्हता, कडेला मोबाइलवर वेळ लावून उभा होता. शिवप्रसाद चौथ्या फेरीत थांबला, ओकला, टी-शर्ट वर करून त्यानं तोंड पुसलं. बनियन घामानं अंगाला चिकटलेलं. बालाजीनं त्याच मोबाइलवर तेवढा व्हिडिओ काढून भरतीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'हालगट न्हाई, म्हैस हाय.'

दीडशे पोरं हसली. शिवप्रसादनंही एक हसरा चेहरा टाकला. गडी उद्या पेटून पळणार, अशी बालाजीची खात्री झाली.

दुसऱ्या दिवशी शिवप्रसाद वेळेवर आला. रात्रीची भाकर सोडली होती, तोंड उतरलं होतं. पळताना त्याचं लक्ष पायांपेक्षा कडेला उभ्या पोरांकडे, आणि हात सारखा टी-शर्ट ओढायला जायचा. पाच एकतीस. बालाजीनं हालगट म्हणून पाहिलं. उलट शिवी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग बालाजीचीही वेळ घसरली, पाच चौदावरून पाच पंचवीसवर. व्हिडिओ त्यानं काढून टाकला, पण तोवर तो गावभर झाला होता. त्याला स्वतःचीच लाज वाटू लागली, आणि ती लाज काही पाय उचलू देईना.

आठव्या दिवशी चौथ्या फेरीत त्याच्या पोटात कळ आली. शिवप्रसाद मागून आला, बरोबरीनं पळू लागला.

"चुकलं माझं," बालाजी धापा टाकत म्हणाला. "दे की रं एक शिवी."

शिवप्रसादनं टी-शर्ट खाली ओढला.

"तुमाला कशी देऊ, बालाजीराव?" तो म्हणाला. "चांगलं पळायलाव तुमी."

आणि त्याच चालीनं तो पुढे निघून गेला.